रोएलचे आठ डाव

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी रोएल पावारा माझ्या काबिनात शिरला तेव्हा त्याच्या काखेत एक गुंडाळी होती. काबिना म्हणजे माझं हे इंटरनेटचं दुकान, पेरूच्या डोंगरातल्या आंदावाइलास गावात, बाजाराच्या मागच्या गल्लीत. बारा मशीन, बारा खुर्च्या, वर पत्रा. पाऊस आला की पत्र्यावर मक्याचे दाणे ओतल्यासारखा आवाज होतो आणि पोरं कानावरचे भोंगे आणखी घट्ट दाबतात. रोएलने गुंडाळी उलगडली आणि सात नंबरच्या मशीनवर भिंतीला चिकटवली.

ते वेळापत्रक होतं. असं सुंदर की चर्चमधल्या वेदीला लावावं. सोमवार ते रविवार सात रकाने, बीजगणिताला निळा रंग, भौतिकाला हिरवा, भाषेला पिवळा आणि खेळाला लाल. लाल फक्त सहा ते आठ, आठवड्यातून पाच दिवस. खाली जाड अक्षरांत लिहिलं होतं : दहा तास, एक मिनिट जास्त नाही.

"किती दिवस लागले रंगवायला?" मी विचारलं.

"दोन, मावशी."

"म्हणजे दोन दिवस अभ्यास बुडाला."

तो हसला नाही. त्या पोराला हसण्याची सवयच नव्हती. त्याच्या बाप्तिस्म्याला मीच त्याला हातावर धरलं होतं, तेव्हाही तो पाणी पडल्यावर रडला नाही, नुसता कपाळाला आठी घालून पाद्रीकडे बघत राहिला.

त्याची हकिकत अशी. आई ग्रेगोरिया बाजारात चीज विकते, बाप वर खाणीत असतो आणि महिन्यातून चार दिवस घरी येऊन झोपतो. मागच्या वर्षी रोएलने विद्यापीठाची प्रवेश परीक्षा दिली. स्थापत्य अभियांत्रिकीच्या चाळीस जागा, सहाशे पोरं. अडीच गुणांनी जागा गेली. बापाने एकच वाक्य सांगितलं होतं : अजून एक वेळ, मार्चमध्ये; नाही झालं तर लिमात काकाच्या कोंबडी भाजण्याच्या दुकानात. लिमात काकाच्या भट्टीसमोर उभं राहिलेलं आमच्या डोंगरातलं पोर मी पाहिलेलं आहे. दोन वर्षांत त्याच्या अंगाला कोळशाचा वास लागतो आणि तो परत येतो तो फक्त सणाला, नवीन बूट दाखवायला.

म्हणून मार्च. म्हणून वेळापत्रक.

आता या खेळाविषयी चार शब्द. पोरं ज्याला डोटा म्हणतात त्यात पाच जण एका बाजूला, पाच दुसऱ्या. एक डाव चाळीस मिनिटं चालतो, कधी तासभर. साधा खेळ खेळला तर कुणाचं काही जात नाही. पण ही पोरं साधा खेळत नाहीत, क्रमवारीचा खेळतात. डाव जिंकला की सुमारे पंचवीस गुण चढतात, हरला की तेवढेच उतरतात. गुण साठले की नावापुढे वरचं पदक लागतं. रोएल अशाच एका पदकाच्या चारशे गुण खाली होता. ते पदक ना गळ्यात घालता येतं, ना आईला दाखवता येतं. पण त्याच्यासाठी मी तीस वर्षांच्या बाप्यांना रडताना पाहिलं आहे, आणि मला त्यांची दया आली नाही.

चौकातल्या अकादमीची तऱ्हा याहून वेगळी नव्हती. सकाळी सात ते एक तिथे परीक्षेची तयारी. दर रविवारी सराव परीक्षा, आणि संध्याकाळी दारावर यादी : पहिल्यापासून तीनशेव्या पोरापर्यंत, नावासकट. भाजीवाल्या बायका यादी वाचतात आणि सोमवारी ग्रेगोरियाला सांगतात, तुझं पोर शहात्तरावं आलं हं. अकादमीचा मालक क्लोदोआल्दो स्वतःला इंजिनियर म्हणवतो. त्याने बांधलेली एकही भिंत मला माहीत नाही. दोन्हीकडे क्रमवारी, दोन्हीकडे दारावर टांगलेली अब्रू; आणि मधे हे एकोणीस वर्षांचं पोर, काखेत रंगीत कागद घेऊन.

पहिला आठवडा संपला. रविवारी दुपारी रोएल उकडलेले बटाटे आणि आईचं चीज घेऊन माझ्या टेबलाशी बसला आणि म्हणाला, "मावशी, बघा. दहा तास पाळले."

"कशावरून?"

"मी लिहून ठेवलंय ना."

माझ्या टेबलावरच्या मशीनमध्ये प्रत्येक मशीनचा वेळ आपोआप नोंदला जातो. हे मला कुणी शिकवलं नाही. मी वरच्या पठारावरची बाई, बत्तीस वर्षं बटाटे काढले. पण ही यंत्रं आल्यावर एकेक बोट दाबून शिकले, आणि आज या गल्लीत कुणाचंही बिघडलं तर मलाच बोलावतात. मी सात नंबरचा आठवडा काढून त्याच्यापुढे पडदा फिरवला.

एकतीस तास.

त्याने आकडा पुन्हा वाचला. चीज हातातच राहिलं.

"हे चुकीचं आहे."

"यंत्राला तुझ्याशी वैर आहे का?"

"मी सहा ते आठ एवढेच तास धरले. बाकी मग... सुरू झालेला डाव संपवणं, नवा मिळेपर्यंत वाट बघणं, माणसं निवडणं, नंतर काय चुकलं ते बघणं. ते कुठे खेळणं आहे?"

"मग ते काय आहे? भूमिती?"

मागच्या खुर्चीवरून एद्सोन खदखदला. हा एद्सोन त्यांच्या टोळीचा पुढारी. वय चोवीस, परीक्षेला सहा वेळा बसला, सहा वेळा पडला, आणि प्रत्येक वेळी पडण्याचं नवं कारण घेऊन आला : कधी पेन, कधी पोट, कधी शेजारचा मुलगा. सगळ्या पोरांना सल्ला देण्याचं काम मात्र त्याने कधी बुडवलं नाही.

"मावशी, तुम्हाला नाही कळायचं," तो म्हणाला. "वर जायचं तर रोज खेळावं लागतं. हात गार पडतो."

"तुझा सहा वर्षं गरम आहे," मी म्हटलं. "काय शिजलं त्याच्यावर?"

बाकीची पोरं हसली. रोएल हसला नाही. तो म्हणाला, "मावशी, कागद द्या एक. साधा."

खेळाच्या आत प्रत्येक डावाची नोंद असते, हरला की जिंकला, किती वाजता. त्याने एकेक वाचून लिहून काढलं. त्या आठवड्यात अडतीस डाव. वीस जिंकले, अठरा हरले. म्हणजे चढले दोन डावांचे गुण. पन्नास. एकतीस तासांत पन्नास गुण.

"बरोबरच आहे," तो स्वतःशीच पुटपुटला. "यंत्र आपल्याच तोडीचे लोक समोर आणतं. अर्धे जिंकणार, अर्धे हरणार."

मग त्याने दुसरी रेघ मारली. लागोपाठ दोन हरल्यानंतरही उठला नाही, असे डाव किती? अकरा. त्यातले जिंकले तीन, हरले आठ. बाकीचे सत्तावीस, त्यात सतरा जिंकलेले, दहा हरलेले. कागद माझ्याकडे सरकवताना त्याचे कान लाल झाले होते.

मी कागद वाचून परत दिला. आमच्याकडे म्हणतात, दंव पडलेल्या शेतात पाय टाकला तर आधी तुझाच ठसा दिसतो. पोराला ठसा दिसला होता. तेवढं एद्सोनला सहा वर्षांत दिसलं नव्हतं.

भिंतीवरचं रंगीत वेळापत्रक त्याने त्याच संध्याकाळी काढलं. नवं लिहिलं ते पेन्सिलने, वहीच्या पानावर, माझ्याच टेबलाशी. ते असं होतं.

सकाळी अकादमी. तीन ते सहा घरी अभ्यास, आणि तोही तासांत नाही, गणितांत मोजायचा : बीजगणिताची वीस, भौतिकाची पंधरा, चुकलेली दुसऱ्या दिवशी पुन्हा. खेळ मंगळवार, गुरुवार, शुक्रवार संध्याकाळी दोन-दोन डाव. रविवारी सराव परीक्षेनंतर दोन. एकूण आठ. शनिवारी एकही नाही, कारण रविवारी सकाळी परीक्षा. एक डाव म्हणजे एक तास धरायचा, वाट बघण्यासकट. आठच्या उठायच्या वेळेला तासाभराहून कमी वेळ उरला असेल तर नवा डाव सुरूच करायचा नाही, कारण हा खेळ मधेच सोडता येत नाही. सोडला तर गुण जातात, शिक्षेच्या रांगेत टाकतात, आणि उरलेल्या चौघांचा घात होतो तो वेगळाच. दोन हरले की त्या दिवसाचा खेळ बंद. न खेळलेले डाव पुढच्या आठवड्यात जमा होत नाहीत. शेवटची ओळ अशी : जास्तीचा एक डाव खेळला तर पुढच्या आठवड्यांतला एक कमी, आणि नोंद यंत्रावरून, माझ्या आठवणीवरून नाही.

"आठ डाव?" एद्सोन म्हणाला. "आठ डावांत माझी आजीसुद्धा वर चढणार नाही."

"तुझी आजी निदान तिच्या बटाट्यांपर्यंत पोचली," मी म्हटलं.

"मावशी, तुम्ही अडवा मला," रोएल म्हणाला. "आठ झाले की मशीन बंद करा."

"मी दुकान चालवते, कुंपण नाही," मी म्हटलं. "बकरीला कुंपण लागतं. तू बकरी आहेस का?"

हे मी मुद्दाम म्हटलं. दुसऱ्याच्या हातात लगाम देऊन जो शहाणा होतो, तो लगाम सुटला की पहिल्यासारखाच धावतो. मी बाकी काहीच केलं नाही. रविवारी फक्त सात नंबरचा पडदा त्याच्याकडे फिरवायचा, एवढंच.

डिसेंबर गेला, पावसाचे दिवस आले. चुंबाओ नदी लाल होऊन वाहू लागली. रोएल सहा वाजता यायचा, अंगरख्यावर पाणी, खिशात भाजलेला मका; दोन डाव खेळायचा आणि उठायचा. कधी दोन्ही लागोपाठ हरायचा आणि तोंड वाकडं करून आठ वाजायच्या आत निघून जायचा. एद्सोनची टोळी त्याला "आईचं लेकरू" म्हणू लागली. ते पहाटेपर्यंत चावत बसायचे तोच खेळ, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी उठून, अकादमीत आज काय झालं, असं रोएललाच विचारायचे.

गंमत अशी की आठ डावांत त्याचे गुण तितकेच चढत होते. पाच जिंकले, तीन हरले, पन्नास. पुढच्या आठवड्यातही तेच. कधी शून्य, पण खाली क्वचित. अकादमीच्या दारावर तो शहात्तराव्यावरून साठाव्यावर आला, साठाव्यावरून पंचेचाळिसाव्यावर, आणि फेब्रुवारीच्या मध्यावर एकतिसाव्यावर. ग्रेगोरियाने बाजारात त्या दिवशी माझ्या पिशवीत न विचारता चीजचा गोळा टाकला.

पण मी पोरांना ओळखते. माणूस बरा चालू लागला की त्याला पळावंसं वाटतं.

फेब्रुवारीचा शेवटचा शुक्रवार. परीक्षेला तीन आठवडे. रोएल दोन डाव खेळला, एक जिंकला, एक हरला, आणि पदकापासून एका विजयावर उभा राहिला. घड्याळात सात वाजून चाळीस. तो उठला होता, टोपी हातात होती.

"पाचवा माणूस नाही आमच्याकडे," एद्सोन म्हणाला. "एकच डाव. आज पदक लागेल तुला."

"माझे दोन झाले."

"कागदाने विचारलंय का तुला? कागदाला तोंड आहे का?"

"तसं नाही."

"मग कसं? इतके महिने बायकांसारखा मोजून खेळलास, आणि दारात आल्यावर परत फिरतोस. तीन वर्षांनी कोण विचारणार आहे, शुक्रवारी किती डाव खेळलास म्हणून?"

रोएलने माझ्याकडे पाहिलं. मी एमोलिएंतेचा, आमच्या जडीबुटीच्या काढ्याचा, गरम पेला हातात धरून पावसाकडे पाहत होते. मी त्याच्याकडे पाहिलंच नाही. तो बसला.

डाव अठ्ठावन्न मिनिटं चालला. जिंकले. पदक लागलं. टोळीने टेबलं बडवली, एद्सोनने त्याला मिठी मारली आणि म्हणाला, बघ, मी सांगितलं नव्हतं? रोएलचं तोंड लहान मुलासारखं उजळलं होतं. खरं सांगते, मला ते बघवलं नाही. चीज विकणाऱ्या बाईचं पोर एका चित्रासाठी इतकं आनंदी व्हावं, याची मला चीड आली.

आता पदक मिळालं की ते राखावं लागतं. शनिवारी तीन वाजता, म्हणजे बीजगणिताच्या वेळेला, रोएल दारात उभा.

"फक्त एक, मावशी. पदक पक्कं करायला. पंचवीस गुण वर असावेत, नाहीतर एक हरलो की जाईल."

"मी कुठे काही विचारलं?"

एक हरला. पदक गेलं. ते परत आणायला दुसरा. हरला. तिसरा जिंकला, चौथा हरला, पाचवा हरला, सहावा हरला. रात्री नवाच्या सुमाराला तो उठला तेव्हा पदकही नव्हतं आणि त्याच्याखालचे शंभर गुणही नव्हते. त्याच्या पायाखाली मक्याच्या साली पडल्या होत्या. एद्सोन केव्हाच दुसऱ्या कुणाला पाचवा करून खेळायला लागला होता. त्याने मान वर करूनही पाहिलं नाही. पुढाऱ्यांची जात अशीच. दरीपर्यंत हात धरून नेतात, आणि तिथून पुढे तुमचे पाय तुमचे.

रविवारी अकादमीच्या दारावर रोएल पावारा चौऱ्याऐंशीवा. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापतात. येत नसेल तर रिकामं सोडावं, हे त्याला माहीत होतं. पण आदल्या दिवशी सहा वेळा "अजून एक" म्हणणाऱ्या हाताने रविवारीही काहीच रिकामं सोडलं नाही. सगळं काळं केलं. बत्तीस चुकली.

भाजीवाल्या बायकांनी ग्रेगोरियाला सोमवारपर्यंत थांबवलंच नाही. ती रविवारीच माझ्याकडे आली, शालीत हात गुंडाळून उभी राहिली. मी तिच्या पोराची धर्ममाता, म्हणून ती मला कोमाद्रे म्हणते.

"कोमाद्रे, तुम्ही तिथेच असता. तुम्ही का नाही थांबवलंत?"

"मी थांबवलं असतं तर शनिवारी तो पलीकडच्या गल्लीत गेला असता," मी म्हटलं. "तिथे तीन काबिना आहेत."

"भट्टी दिसायला लागली मला," ती म्हणाली, आणि गेली. ओरडली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

रोएल संध्याकाळी आला. रविवार, त्याच्या दोन डावांचा दिवस. सात नंबरकडे गेला नाही, माझ्या टेबलाशी बसला.

"पडदा फिरवा, मावशी."

मी फिरवला. त्याने वहीचं पान काढलं, पेन्सिलने लिहिलं : शुक्रवार एक, शनिवार सहा. जास्तीचे सात.

"आजचे दोन गेले," तो म्हणाला. "उरले पाच. पुढचे दोन आठवडे फक्त रविवारचे दोन-दोन ठेवायचं आधीच ठरलं होतं. म्हणजे तेही चार गेले. शेवटच्या आठवड्यात तसाही एकही नाही."

"आणि पाचवा?"

त्याने पेन्सिल कानामागे लावली. "एक परीक्षेनंतर फेडीन."

"परीक्षेनंतर कोण बघणार आहे?"

"तेच तर," तो म्हणाला.

मला हसू आलं. परीक्षेनंतर! बाजारात असे शब्द टोपलीने मिळतात, आणि एकही घरापर्यंत टिकत नाही. हे पोर आता तीन आठवडे तोंड लपवेल आणि मग दोघे-तिघे मिळून त्याला पुन्हा खुर्चीत बसवतील, असं मी मनात धरलं. मी चूक कबूल करणारी बाई नाही, म्हणून तसं कुणाला सांगितलं मात्र नाही.

तीन आठवडे सात नंबरवर दुसरेच लोक बसले. रोएल रोज सहाला माझ्या दारासमोरून जायचा, ग्रंथालयाकडे, आणि मान वळवायचा नाही. तिसऱ्या रविवारी सकाळी विद्यापीठाच्या फाटकासमोर रांग लागली, पोरं पेन्सिली आणि कागदपत्रं छातीशी धरून, आया हातात पाव घेऊन. आठला फाटक बंद झालं. ग्रेगोरिया बाहेर निलगिरीच्या झाडाखाली बसून राहिली, आणि मीही तिच्या शेजारी, काबिना बंद ठेवून. बारा वर्षांत पहिल्यांदा. ती मेंढीच्या लोकरीचा धागा कातत होती आणि धागा सारखा तुटत होता.

रोएल बाहेर आला तेव्हा एवढंच म्हणाला, "एकोणीस रिकामी सोडली."

संध्याकाळी निकाल लागला. स्थापत्य अभियांत्रिकी, चाळीस जागा. सदतिसावा.

आमच्याकडे पोर विद्यापीठात गेलं की मित्र कात्री आणि वस्तरा घेऊन धावतात आणि चौकातच त्याचं डोकं भादरतात. रोएलचंही भादरलं, वेडंवाकडं, मेंढरासारखं. दुसऱ्या दिवशी अकादमीच्या दारावर हा लांब फलक : आमचे विजेते, आणि त्यात रोएलचा फोटो. क्लोदोआल्दो फलकाखाली छाती काढून उभा होता, जणू ती एकोणीस रिकामी उत्तरं त्यानेच सोडली. एद्सोन सातव्यांदा पडला. या वेळी कारण होतं ऊन, खिडकीतून डोळ्यांवर आलेलं.

मंगळवारी सहा वाजता रोएल काबिनात आला. टक्कल, दोन ठिकाणी कापलेलं, वर टोपी. टोळीने आरडाओरडा केला. एद्सोनने स्वतः उठून सात नंबरची खुर्ची ओढली.

"ये, इंजिनियर. आता कसला कागद? आता तर सुट्टी आहे. आज पदक काढूनच उठायचं. दोन डाव, तीन डाव, हवे तेवढे."

रोएल खुर्चीत बसला. यंत्र सुरू केलं. एक डाव खेळला, चाळीस मिनिटं, आणि जिंकला. शोधायचं बटण पुन्हा उजळलं. टोळी तयार होती, चौघं, पाचवा तो. घड्याळात सातलाही दहा मिनिटं कमी होती, तासाहून जास्त वेळ उरलेला, काहीही आड येत नव्हतं.

त्याने खिशातून वहीचं घडी घातलेलं पान काढलं, मांडीवर उलगडलं, पेन्सिलने शेवटच्या ओळीवर एक रेघ ओढली.

"माझा एक फेडायचा राहिला होता," तो उठत एद्सोनला म्हणाला. "आजचा दुसरा न खेळून तो फिटला. आता गुरुवारी."

"वेड लागलंय याला," एद्सोन दारात आडवा येऊन मला म्हणाला. "मावशी, सांगा ना काहीतरी."

मी पेला खाली ठेवला आणि सात नंबरची वेळ थांबवली.

"पाचवा माणूस शोध," मी म्हटलं. "दारातून दूर हो, पोराला जाऊ दे."